पोटरी पुढे गेली, कंडरा मागे राहिली

"सर, दम लागत नाही, पोटऱ्या दुखत नाहीत, सोळाशे मीटरची वेळही कमी होतेय. मग टाचेमागची शीर रोज सकाळी का धरते? आठवडाभर थांबलो की बरं वाटतं, पळालो की पुन्हा तेच. भरती सात आठवड्यांवर आहे."

पोलीस भरतीची तयारी करणारा बावीस वर्षांचा हा मुलगा. टाचेपासून चार बोटं वर, पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी कंडरा चिमटीत धरली तेव्हा डावीकडे ती जाडसर लागली आणि त्याने पाय झटकन ओढून घेतला. एका पायावर टाच उचलायला लावली, तर दोन्ही पायांवर पंचवीस-पंचवीस वेळा उचलली. पोटरीत ताकद होती. पण डाव्या पायावर लंगडी घालायला सांगितली तर चौथ्या उडीलाच थांबला.

त्याची वही मागवली. पहिले सहा आठवडे आठवड्यातून तीन दिवस, सपाट मैदानावर. वेळ सहा मिनिटं वीस सेकंदांवरून पाच पन्नासवर आली होती. सातव्या आठवड्यात शेरा होता, "पाय हलके". त्याच आठवड्यापासून तीनाचे सहा दिवस झाले, वर घाटातली चढण आणि रोज दोरीच्या उड्या. दुखायला लागलं ते दहाव्या आठवड्यात. म्हणूनच त्याला दोन्हींचा संबंध लागत नव्हता.

मी त्याला सांगितलं ते असं. व्यायाम सुरू केला की पहिल्या काही आठवड्यांत मेंदू आणि नसा स्नायूंना जास्त चांगलं कामाला लावतात, मागोमाग स्नायूही भरतात. स्नायूला रक्त भरपूर मिळतं, त्याची दुरुस्ती झपाट्याने होते. कंडरा म्हणजे कोलॅजनच्या धाग्यांचा पीळ. तिच्यात पेशी थोड्या, रक्तपुरवठा कमी. मोठ्या माणसाच्या टाचेच्या कंडरेचा गाभा तर वाढीच्या वयानंतर जवळजवळ बदलतच नाही. ती भार सोसायला शिकते, जास्त ताठ होते, पण त्याला दोन-तीन महिने सहज लागतात, बरेचदा जास्त. मधल्या काळात पोटरी जोरात ओढायला शिकलेली असते आणि ती ओढ जाते त्याच जुन्या कंडरेतून. पळताना तिथे शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. दम आणि पोटरी हे दोन्ही तुला "अजून चालेल" म्हणत होते, आणि कंडरेला कुणी विचारलंच नव्हतं.

शिवाय जोराच्या व्यायामानंतर पहिला दीड दिवस कंडरेत मोडतोड जास्त आणि जोडणी कमी असते. रोज घाट चढला तर जोडणीची पाळीच येत नाही.

विश्रांतीने दुखणं कमी होतं, कारण चिडचिड शमते. भार पेलण्याची क्षमता मात्र वाढत नाही, उलट घटते. म्हणून पळणं पूर्ण बंद करायला मी सांगितलं नाही. घाट आणि दोरी बंद, वेगाचं पळणं तीन दिवसांतून एकदाच, बाकी एक दिवसाआड सपाटीवर सावकाश. आणि एक दिवसाआड पायरीच्या कडेवर टाचा उचलणं: तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली, पंधरा-पंधराचे चार संच. ते सोपं झालं की संख्या वाढवायची नाही, पाठपिशवीत वाळूची पिशवी टाकायची आणि हळूहळू आठवर यायचं. कंडरेला बदलायला जड आणि सावकाश भार लागतो. नुसत्या हलक्या शंभर उड्या मारून ते होत नाही.

मोजमाप सकाळचं. पळताना थोडं दुखलं, दहापैकी तीन-चार, तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठून पहिली दहा पावलं कालपेक्षा जास्त आखडली, तर कालचा भार जास्त झाला. पळताना शीर मोकळी होते म्हणून फसू नये, कंडरेचं दुखणं तापल्यावर दबतंच. (आणि अचानक मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटून टाच उचलता येईनाशी झाली, तर हे सगळं सोडून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे.)

चौथ्या आठवड्यात तो हसत आला, "सर, एकदम बरं आहे, दोरी सुरू करू?" मी नाही म्हटलं. त्याला ते आवडलं नाही. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची आणि ती सोपी वाटली तरी दोन-तीन आठवडे तिथेच थांबायचं, हे पटायला वेळ लागतो. वेग वाढवला तर दिवस तेवढेच, दिवस वाढवले तर चढण नाही.

सात आठवड्यांत कंडरा पूर्ण तयार होणार नव्हती, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. भरतीला तो पाच बेचाळीसमध्ये पळाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना आडवा होऊन उतरला. पायरीवरचा व्यायाम त्यानंतरही चार महिने चालू ठेवला. दोरी हातात घेतली ती तिसऱ्या महिन्यात, पन्नास उड्यांपासून, आठवड्यातून दोनदा.