डीएपी आणि डीडीपी: माल दारात, पण कस्टम कोणाच्या माथी?

प्रश्न : पांढरकवड्याजवळ आमची जिनिंग आहे. चीनहून कापूस साफ करायची मशीन मागवतो आहोत. एका कोटेशनात माल पोचवण्याची अट डीएपी आहे, दुसऱ्यात डीडीपी. दोघंही मशीन दारात आणून देतो म्हणतात. मग कस्टम सोडवायचं कोणी अन् ड्युटी भरायची कोणी?

उत्तर : डीएपीमध्ये दोन्ही गोष्टी तुम्ही करायच्या, डीडीपीमध्ये विकणाऱ्याने. वाहतुकीचा खर्च आणि वाटेतली जोखीम दोन्हींत विकणाराच घेतो, म्हणून दोन्ही कोटेशने वरवर सारखी दिसतात. मात्र डीएपीमध्ये तुमच्या कागदपत्रांच्या दिरंगाईने मशीन बंदरात अडकली, तर त्या काळातले भाडे आणि नुकसानीची जोखीमही तुमच्यावर येते.

रकमेचा अंदाज यावा म्हणून कस्टमने धरलेली किंमत १० लाख आणि मूळ ड्युटी साडेसात टक्के समजू (खरा दर तुमच्या मशीनच्या एचएसएन कोडवरून ठरेल). मूळ ड्युटी ७५,००० रुपये, तिच्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार ७,५०० रुपये आणि या सगळ्याच्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी १,९४,८५० रुपये, म्हणजे एकूण २,७७,३५० रुपये होतात. डीएपीचे कोटेशन स्वस्त दिसते ते एवढ्यासाठीच.

म्हणून डीडीपी घ्यावे का? माझे मत नाही असे आहे. आपल्याकडे बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमकडे द्यायचे आयात मालाचे विवरण, आयातदाराच्या नावाने भरली जाते आणि त्यासाठी आयईसी हा आयात-निर्यातीचा क्रमांक लागतो, जो परदेशातल्या विक्रेत्याकडे सहसा नसतो. मग तो एक तर तुमचाच क्रमांक मागतो, किंवा मुंबईतल्या तिसऱ्याच कोणाच्या नावाने माल सोडवतो. पहिल्या प्रकारात कागदावर आयातदार तुम्हीच ठरता, आणि त्याच्या एजंटाने ड्युटी वाचवायला किंमत कमी दाखवली, तर फरकाची नोटीस तुमच्या पत्त्यावर येते. दुसऱ्या प्रकारात बिल ऑफ एंट्रीवर तुमचा जीएसटी क्रमांकच नसतो, त्यामुळे त्या १,९४,८५० रुपयांचे क्रेडिट त्या बिलावर तुम्हाला घेता येत नाही, जरी ती रक्कम किमतीत मिळवून तुमच्याकडूनच वसूल झालेली असली तरी. क्रेडिट तुमच्या नावे आले की नाही, हे जीएसटी पोर्टलवरच्या २बी विवरणातल्या आयातीच्या रकान्यात दिसते. पण तोवर पैसे देऊन झालेले असतात, तेव्हा बिल ऑफ एंट्री कोणाच्या नावाने भरणार हे ऑर्डर देण्यापूर्वीच लेखी विचारावे.

तुमच्यासाठी डीएपी घेऊन स्वतःचा कस्टम ब्रोकर नेमणे बरे. मात्र करारात नुसते ‘डीएपी नागपूर’ लिहू नका, कारण मग विकणाऱ्याची जबाबदारी नागपुरातच संपेल आणि पुढचा ट्रक तुम्हाला करावा लागेल. जिनिंगच्या आवाराचा पूर्ण पत्ता घाला. ट्रकवरून मशीन उतरवणे मात्र दोन्ही अटींत तुमच्याकडेच असते, तेव्हा हायड्रा आधीच सांगून ठेवा.