पुरळ यायच्या आधी काय झालं होतं?

"ताई, माझ्या अडीच वर्षांच्या मुलीच्या अंगावर सकाळपासून लाल पुरळ आलंय. सासूबाई म्हणतात पित्त उठलंय, समोरच्या काकू म्हणतात गोवर आहे. परवापासून तापासाठी अँटिबायोटिक चालू आहे. त्याची ॲलर्जी असेल का? औषध बंद करू का? फोटो पाठवलेत, बघून सांगा."

हा फोन दुपारी तीनच्या सुमारास आला. मी कळव्यात एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात समुपदेशक आहे. लसीकरणाबद्दल आणि मुलांच्या आजारपणाबद्दल पालकांशी बोलणं हे माझं काम. निदान डॉक्टर करतात, मी करत नाही. पण नेमकं काय विचारायचं हे इतक्या वर्षांत अंगवळणी पडलंय. फोटो मी उघडले खरे, पण त्यावरून काही बोलायचं नाही हेही त्याच वर्षांनी शिकवलंय. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत गोवर, पित्त आणि औषधाचं पुरळ सगळं एकसारखंच दिसतं. त्यात आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर लाली पुस्तकातल्या चित्रासारखी उठून दिसत नाही. गोवर पुष्कळदा नुसता काळपट-तांबूस दिसतो.

म्हणून पुरळ कसं दिसतं हे मी सोडून दिलं आणि आधीच्या चार दिवसांबद्दल विचारलं.

ताप कधीपासून आहे? चार दिवस झाले, एकशेतीनपर्यंत जातो. सर्दी-खोकला? नाक सारखं वाहतंय आणि कोरडा खोकला थांबतच नाही. डोळे? "लाल झालेत ताई, पाणी येतंय. खिडकी उघडली की तोंड फिरवते." पुरळ पहिल्यांदा कुठे दिसलं? कानाच्या मागे आणि केसांच्या कडेला, मग चेहऱ्यावर, आता छातीवर येतंय. खाजवते का? फारसं नाही, नुसती पडून आहे.

एवढं ऐकल्यावर मला पित्ताचा संशय उरला नाही. पित्ताच्या गांधी अशा येत नाहीत. आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, लाल डोळे, मग कानामागून सुरू होऊन चेहरा, छाती-पोट, हातपाय असं तीनेक दिवसांत वरून खाली उतरत जाणारं पुरळ, ही गोवराची चाल आहे. पित्ताला असा क्रम नसतो. ते आत्ता पोटावर, तासाभराने मांडीवर, संध्याकाळी पाठीवर उठतं. मूल खाजवून हैराण होतं, पण खाज थांबली की खेळायला लागतं. गोवराचं मूल खेळत नाही.

मग औषधाचं विचारलं. औषधामुळे लगेच पित्त उठायचं असेल तर बहुधा डोस दिल्यावर तासा-दोन तासांत उठतं. औषधाचं दुसरं, चपटं पुरळ पहिल्यांदाच औषध घेत असलेल्या मुलात साधारण चार ते दहा दिवसांनी येतं. हिचे तर दोनच दिवस झाले होते, आणि खोकला, डोळे हे सगळं औषधाच्या आधीपासूनचं. हे मी मुद्दाम सांगते, कारण तापाच्या मुलाला अँटिबायोटिक सुरू असताना विषाणूचं पुरळ उठलं की घरचे 'याला अमुक औषध चालत नाही' असं धरून बसतात. ते एकदा फाइलवर लिहिलं गेलं की जन्मभर चिकटतं. पुढे खऱ्या न्यूमोनियात साधं, चांगलं औषध सोडून दुसरं शोधावं लागतं.

लसीचं कार्ड काढायला सांगितलं. "सगळी इंजेक्शनं झालीत," ती ठामपणे म्हणाली. मी म्हटलं, नऊ महिन्यांच्या ओळीवर बोट ठेवा आणि काय लिहिलंय ते वाचा. फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. साडेतीन महिन्यांपर्यंतच्या तारखा होत्या, पुढे एमआरची, म्हणजे गोवर-रुबेलाच्या लसीची ओळ कोरी. त्या वेळी मुलीला सर्दी होती म्हणून पुढच्या महिन्यात बघू म्हटलं, मग गावाला गेले, आणि सोळा ते चोवीस महिन्यांचा दुसरा डोसही राहिला. सर्दी किंवा बारीक ताप असला तरी एमआर देता येते. पण 'आज सर्दी आहे, नको' असं घरातच ठरतं आणि तो पुढचा महिना येतच नाही. असं मी शंभरदा ऐकलंय. तिला रडू आलं. मी तिला रडू दिलं. दोष कोणाचा, हे शोधायची ती वेळ नव्हती.

"दवाखान्यात घेऊन या, पण आत येऊ नका," असं सांगितलं. हे तिला विचित्र वाटलं असणार. गोवर हवेतून पसरतो. आजारी मूल खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत विषाणू राहू शकतो, आणि लस न झालेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना तो गाठतो. आमच्या वाट पाहायच्या खोलीत त्या दिवशी दीड महिन्याची बाळं लसीसाठी आली होती. म्हणून डॉक्टर स्वतः खाली उतरले आणि मुलीला रिक्षातच तपासलं.

सासूबाईंनी पाठीला आमसुलाचं पाणी चोळलं होतं, त्याचे गुलाबी डाग होते. ते ओल्या कापसाने पुसून घेतले. पुरळावर बोट फिरवलं तर किंचित खरबरीत लागत होतं. गांधी हाताला फुगलेल्या लागतात, मधमाशी चावल्यावर येते तशी सूज असते. मग टॉर्च लावून गालाच्या आतली बाजू बघितली. दाढांसमोर, लालसर जागेवर पांढुरके बारीक ठिपके, रव्याचे दाणे चिकटल्यासारखे. पुरळाच्या एक-दोन दिवस आधी ते दिसतात आणि पुरळ आल्यावर एक-दोन दिवसांत जातात. त्या संध्याकाळी ते अजून होते. डॉक्टरांनी मलाही दाखवले. पित्तात असं काही नसतं.

डॉक्टरांनी आरोग्य विभागाला कळवलं, कारण ताप आणि पुरळ असलेल्या मुलाची नोंद द्यायची असते. रक्ताचा नमुना गेला आणि काही दिवसांनी गोवरच असल्याचा अहवाल आला. कुठून आला असेल? दोन आठवड्यांपूर्वी आजी आणि बाबांबरोबर मुलगी भिवंडीला हळदीला गेली होती. तिथे कडेवरचं एक पोर तापाने फणफणलेलं आणि खोकत होतं, हे आजींना आठवलं. संसर्गापासून पुरळापर्यंत साधारण चौदा दिवस लागतात, ते जुळत होतं.

उपचारात महत्त्वाचं होतं ते 'अ' जीवनसत्त्व. वयाच्या एक वर्षापुढे दोन लाख युनिटचा एक डोस, आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच दुसरा. डोळे आणि फुफ्फुसं सांभाळायला ते लागतं. ते डॉक्टरांनीच द्यायचं, घरी जास्तीचं पाजायचं नाही. अँटिबायोटिक थांबवलं, कारण कान किंवा छातीत जिवाणूंचा संसर्ग नव्हता. तापाला पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे.

आजींना औषध दिलं की गोवर 'आत दबेल' ही भीती होती. मी त्यांना म्हटलं, दारावर कडुलिंबाचा पाला लावा, खोलीत अंधार ठेवा, तिच्या डोळ्यांना बरंच वाटेल. पण अंग पुसायचं, खायला द्यायचं आणि पाणी पाजायचं थांबवू नका. पेज, वरणाचं पाणी, आईच्या हातचं जे मागेल ते. पुरळ आल्या दिवसापासून पुढचे चार दिवस तिला कोणाच्यात मिसळू द्यायचं नाही. ती पुरळाच्या चार दिवस आधीपासूनच पसरवत होती, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

आणि इथेच मला घरातलं दुसरं मूल आठवलं. सात महिन्यांचा भाऊ. तो हळदीला गेला नव्हता, पण चार दिवस बहिणीच्या शेजारी झोपला होता. संपर्कानंतर बहात्तर तासांत एमआर दिली तर आजार टळू शकतो, आणि सहा महिन्यांनंतरच्या बाळाला अशा वेळी ती देता येते. पण ते बहात्तर तास पुरळ दिसायच्या आधीच निघून गेले होते. घरातल्या घरात बहुतेक वेळा असंच होतं. उरला दुसरा मार्ग, तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, तेही सहा दिवसांच्या आत. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे ते मिळालं. पुढे त्याला दोन दिवस बारीक ताप आला, पुरळ नाही.

दुसऱ्या टोकाचंही एक मूल सांगते, म्हणजे फरक पक्का बसेल. ऐरोलीचा चार वर्षांचा मुलगा. तीन दिवस सर्दी-ताप, मग ताप गेला आणि अंगभर खाजणाऱ्या गांधी. घरच्यांनी अंडी, वांगं, शेंगदाणे, दूध सगळं बंद केलं होतं. त्याच्या आईला मी सांगितलं, एका गांधीभोवती बॉलपेनने गोल काढा आणि वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा गोलाच्या आत कातडी कोरी होती आणि नव्या गांधी दंडावर. पित्ताची एक गांध एका जागी चोवीस तास टिकत नाही. गोवराचा ठिपका जागा सोडत नाही, चार-पाच दिवसांनी तिथेच तपकिरी होऊन बारीक कोंडा सोडतो. आणि लहान मुलांत अचानक उठलेल्या पित्तामागे खाण्यापेक्षा नुकताच होऊन गेलेला विषाणूचा आजार जास्त वेळा असतो. त्याचं खाणं डॉक्टरांनी पूर्ववत केलं, काही दिवस सेटिरिझिन दिलं, ते संपलं.

तीन-चार दिवस जोराचा ताप, तो उतरला आणि त्याच दिवशी मूल हसत-खेळत असताना छातीवर फिकट गुलाबी पुरळ, हे दीड-दोन वर्षांच्या आतल्या बाळांत दिसतं. त्याला गोवर समजून घाबरायचं नसतं. गोवरात पुरळ येतं तेव्हा ताप अजून वर असतो.

मात्र काही वेळा फोनवर प्रश्न विचारत बसायचं नसतं. पित्ताबरोबर ओठ-जीभ सुजली, श्वास घेताना आवाज येऊ लागला, उलट्या सुरू झाल्या किंवा मूल गळून पडलं तर थेट रुग्णालय. काचेच्या पेल्याची बाजू दाबूनही न मावळणारे लाल-जांभळे ठिपके आणि ताप असेल तरी तसंच. गोवरात दम लागणं, पाणीही न पिणं, झटके, सुस्तपणा, किंवा उतरलेला ताप परत चढणं, हे सगळं थांबण्यासारखं नाही.

ती मुलगी आठव्या दिवशी दवाखान्यात आली, चालत. कपाळावर तपकिरी डाग, डोळे स्वच्छ. आईने विचारलं, आता हिला गोवर झालाच, मग एमआर कशाला? मी म्हटलं, त्या लसीतला दुसरा भाग रुबेलाचा आहे, तो अजून राहिलाय. भावाचं मात्र उलटं होतं. इंजेक्शनातल्या प्रतिपिंडांमुळे लस नीट लागत नाही, म्हणून त्याची नवव्या महिन्याची एमआर डॉक्टरांनी पुढे ढकलली, इंजेक्शनच्या दिवसापासून सहा महिन्यांनी. ती तारीख मी त्याच्या कार्डावर लिहिली. आईने कार्डाचा फोटो काढला, आणि आजींनी तीच तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहायला सांगितली.