चालू प्रकल्पात ग्राहकाने मागितलेला बदल

सॉफ्टवेअरची चाचणी सुरू असताना ग्राहकाने ‘पावतीवर फक्त जीएसटी क्रमांकाचा रकाना वाढवा’ असे फोनवर सांगितले, तरी लगेच होकार न देता मागणी बदल-नोंदवहीत लिहावी. परिणाम तपासताना केवळ रकाना जोडण्याचे तास मोजू नका. डेटाबेस, जुन्या पावत्या, अहवाल आणि आधी उत्तीर्ण झालेल्या चाचण्या पुन्हा घेण्याचा वेळ धरला, की एका दिवसाचे काम सहज सहा दिवसांचे होते, आणि त्यांपैकी किती दिवसांनी हस्तांतराची तारीख पुढे जाते, हे वेळापत्रकातच पाहावे लागते. मंजुरी करारानुसार अधिकार असलेल्या व्यक्तीकडूनच लेखी घ्या. रोज भेटणाऱ्या समन्वयकाचा होकार मी कधीच पुरेसा मानत नाही. त्यानंतरच व्याप्ती, वेळापत्रक व खर्चाची बेसलाइन, म्हणजे प्रगती ज्याच्याशी ताडून पाहतात तो मंजूर आराखडा, नव्या आवृत्तीत नोंदवा, जुनी जपून ठेवा आणि आधीचा उशीर या निमित्ताने त्यात मिसळू देऊ नका.