पहिल्या भेटीची कुंडली: आधी वेळ पक्की करा

तुम्ही विचारलंत, पहिल्या भेटीची कुंडली नात्याची जन्मपत्रिका म्हणून कशी वाचायची. आधी वेळेकडे बघा. "सहाच्या सुमारास" एवढ्यावर मांडू नका.

समजा, भेट पुण्यात २० जानेवारीला झाली. सूर्य निरयन मकरेत, म्हणून सूर्यास्ताच्या वेळी लग्न, म्हणजे पूर्वेला उगवणारी रास, समोरची कर्क. पण साडेपाचला मिथुन लग्न होतं. म्हणजे साडेपाचला लग्नराशीचा स्वामी, लग्नेश, बुध; जोडीदाराच्या सातव्या स्थानाचा स्वामी, सप्तमेश, गुरू. साडेसहाला लग्नेश चंद्र, सप्तमेश शनी. गप्पांवर उभं राहिलेलं नातं आणि हळव्या मनाला जबाबदारीची जोड मिळालेलं नातं, ही दोन अगदी वेगळी वाचनं आहेत. फोटोची वेळ, चहाचं ऑनलाइन पेमेंट, रिक्षाचं बुकिंग, जे सापडेल ते काढा. समोरासमोर पहिला शब्द बोललात तो क्षण धरा, चॅटवरची ओळख नको. स्थळही भेटीचंच घ्या.

वेळ सापडलीच नाही तर चंद्र लग्नी ठेवून वाचा. चंद्र तासाला साधारण अर्धाच अंश सरकतो, त्यामुळे राशी सहसा टिकते. दशेच्या तारखा मात्र सांगू नका. त्या चंद्राच्या नेमक्या अंशावर ठरतात: तासाभराच्या चुकीने शुक्राच्या वीस वर्षांच्या दशेत दहाएक महिन्यांचा फरक पडतो.

आणि ही कुंडली नात्याचा स्वभाव सांगते, माणसांचा नाही. सप्तमेश शनी दिसला म्हणून जोडीदाराला थंड ठरवू नका. त्यासाठी दोघांच्या जन्मपत्रिका शेजारी ठेवा.