ग्रॅज्युएशनला मला मिळालेलं दीड मिनिट

“आई, सगळ्यांच्या आया आपापल्या मुलांबद्दल बोलल्या. तू फक्त माझ्या टीचर्सबद्दल बोललीस. माझं नाव एकदाच घेतलंस, तेही ‘हिने तुम्हाला त्रास दिला असेल तर समजून घ्या’ म्हणताना. तुला माझा अभिमान नाही वाटला का?”

प्रिय मनू,

तोंडी सांगायला गेले तर मी एक तर रडेन नाहीतर लेक्चर देईन, आणि तुला दोन्ही नको असतं. म्हणून लिहितेय. वाटलं तर वाच, नाहीतर नंतर वाच.

अभिमान वाटला का, हा प्रश्न मला कळतच नाही. वाटणार नाही तर काय? पण तू ते विचारत नाहीयेस. सगळ्यांसमोर का नाही म्हणालीस, हे विचारते आहेस. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, आजीपर्यंत.

सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच सातारा जिल्ह्यातलं, हे तुला ३ जानेवारीला दर वर्षी ऐकावं लागतं. त्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली. त्याला शंभर वर्षं उलटून गेल्यावरसुद्धा आजीला चौथीनंतर शाळेतून काढायचं ठरलं होतं. धाकटी भावंडं कोण सांभाळणार? तेव्हा तिचे गुरुजी घरी आले आणि ओट्यावर बसून राहिले. चहा आला तरी कप हातात घेईनात. “आधी पोरीला पाठवतो म्हणा, मग चहा.” पणजोबा वैतागले, पण हो म्हणाले. आजी सातवी फायनल झाली ती त्या चहामुळे. अजूनही बँकेत सही करते तेव्हा अंगठा लावणाऱ्या बायकांकडे एकदा बघून घेते, हे तू पाहिलं आहेसच.

त्यामुळे आमच्या घरात मुलगी शिकली की श्रेय आधी मास्तरांचं. आई-बापांनी काय केलं? फार तर अडवलं नाही.

मी दहावी झाले १९९३ ला. निकाल लागल्यावर आजीने साताऱ्याचे कंदी पेढे मागवले. आधी देवापुढे, मग शिक्षकांकडे, मग आळीत, हा क्रम. आम्ही वाईतल्या गल्ल्यांतून एकेका शिक्षकांच्या घरी गेलो. मी पाया पडायचे, आजी पुडा पुढे करायची आणि म्हणायची, “पोरगी तुमच्या हवाली केली होती बाई. लई त्रास दिला असंल तिनं.” मला इतका राग यायचा! ८१ टक्के मिळालेत, त्रास कसला दिला?

पण गणिताच्या बाई लगेच म्हणाल्या, “अहो त्रास कसला! हिला एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. आम्ही काय केलं, पोरगीच गुणाची.” आजी जमिनीकडे बघून म्हणाली, “तुमचा आशीर्वाद.” पुढच्या घरी पुन्हा तेच. तिसऱ्या घरापर्यंत मी त्या वाक्याची वाटच बघायला लागले होते. एके ठिकाणी बाई घरी नव्हत्या, त्यांच्या मिस्टरांनी पेढे घेतले आणि दार लावलं. मला उगीचच फसल्यासारखं वाटलं.

आता तुझ्या अमेरिकेतल्या शाळेचं. दीड मिनिट मिळणार, असं त्यांनी ईमेलमध्ये कळवलं होतं. एवढ्यात इंग्रजीत सावकाश बोललं तर दोनशेच्या आतच शब्द बसतात. पहिल्या मसुद्यात मी तुझ्या सगळ्या शिक्षकांची नावं घातली होती आणि बाबा म्हणाला, हे आपल्या मंडळाच्या गणपतीचं आभारप्रदर्शन झालंय. खरंच होतं. अध्यक्षांपासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं घेतात आणि तोवर लोक चपला शोधायला लागलेले असतात. मग मी तिघांवर आले आणि प्रत्येकाची एकच गोष्ट ठेवली. इंग्रजीच्या सरांनी तुझ्या निबंधात लाल शाई न वापरता पेन्सिलीने नुसते प्रश्न लिहिले, ते. केमिस्ट्रीच्या बाईंनी जेवणाच्या सुट्टीत तुला लॅबमध्ये बसू दिलं, स्वतःचा डबा तिथेच उघडला, ते. आणि नववीत तू कुणाशी बोलत नव्हतीस तेव्हा काउन्सेलर बाईंनी मला फोन करून आधी “घाबरू नका” म्हटलं, ते. बाकीच्यांना शेवटी एका वाक्यात नमस्कार. तेवढ्यातच वेळ संपत आली आणि मग माझ्या तोंडून आजीचं ते वाक्य आलं. कार्डावर नव्हतं ते.

व्हिडिओ आजीला पाठवला. तिला इंग्रजी कळत नाही, वर्षामावशीने सांगितलं. पूर्ण ऐकून घेतल्यावर आजीचा एकच प्रश्न: “मग मास्तर काय म्हणाले?”

काहीच म्हणाले नाहीत, मनू. हसले, टाळ्या वाजवल्या आणि माइक पुढच्या आईकडे गेला. त्यांचं काही चुकलं नाही, इकडे कुणी उलट बोलत नाही. पण आमच्याकडे ते बोलणं दोघांचं असतं. आई-बापांनी मुलीला मागे घ्यायचं, शिक्षकांनी पुढे करायचं. कौतुक दुसऱ्याने केलं की ते खरं मानायचं, घरच्यांनी केलं तर ती फुशारकी. मी माझा अर्धा भाग बोलले आणि तू उरलेल्या अर्ध्याची वाट बघत खुर्चीत बसलीस, ते येणार आहे हे ठाऊक नसतानाही.

हे सगळं फार छान होतं असंही मला म्हणायचं नाही. आजीने माझ्या तोंडावर आजतागायत माझं कौतुक केलेलं नाही. दळणाच्या गिरणीत ती माझे मार्क सगळ्यांना सांगायची, हे मला तिथल्या बायकांकडून कळायचं. नजर लागेल ही भीती होती, पोर शेफारेल ही त्याहून मोठी. मी मोठी झाले तरी ती एक गोष्ट तिच्याकडून ऐकायची राहूनच गेली आहे, आणि आता फोनवर विचारायलाही लाज वाटते. तुझ्या बाबतीत मी तेच करते आहे का? कधीकधी करते. त्या संध्याकाळी मीठ-मोहरीने तुझी दृष्ट काढली, स्मोक अलार्म वाजला, तू हसलीस. ते माझ्यासाठी भाषणच होतं, पण तुला ते कसं कळावं?

तरी शिक्षकांचं बोलले ते मी बदलणार नाही. तू नववीत असताना या घरात काय चाललं होतं ते आपल्या तिघांना माहीत आहे, आणि तो फोन आला नसता तर मी एकटीने काय केलं असतं, मला सुचत नाही.

पण पहिल्या मसुद्यात तुझ्याबद्दलही एक वाक्य होतं, ते मी स्वतः खोडलं. ते असं: “केमिस्ट्री सोडून दे असं मी हिला दोनदा म्हणाले, हिने माझं ऐकलं नाही, आणि त्याबद्दल मला हिचा फार आदर वाटतो.” बाबा म्हणाला होता, राहू दे की. मला वाटलं, सगळ्यांसमोर कशाला.

आणि त्या केमिस्ट्रीच्या बाईंना शाळा बंद व्हायच्या आत भेटून ये. मी येणार नाही. पेढे मात्र देईन, एडिसनच्या दुकानातले, कंदी नाहीत. नको असतील तर तसं सांग, नुसतं कार्ड दे.

आई