आमेरची हत्ती राइड घ्यावी का?

"कोल्हापूरहून जयपूरला चाललोय, पोरं आमेरच्या हत्तीवर बसायचं म्हणत्यात. प्राण्याला त्रास होतो का ते बुकिंगआधी कसं ओळखायचं?"

ती राइड नकोच, जीपनं वर जावा. २०१८ मध्ये प्राणी कल्याण मंडळाच्या तपासणीत तिथल्या ९१ हत्तींपैकी १० टीबी पॉझिटिव्ह निघाले, काहींना नीट दिसतही नव्हतं, आणि टीबी हत्तीकडनं माणसाला लागू शकतो. दुसरीकडं कुठं जाणार असाल तर फोन करून एवढंच विचारा, हत्तीवर बसता येतं का, अंघोळ घालता येते का, शोची वेळ ठरलेली आहे का. एकाला जरी हो म्हणाले तर सोडा, कारण पाठीवर बसू द्यायला हत्तीला आधी अंकुशाच्या धाकात ठेवलेलं असतंय. नावात 'सँक्च्युअरी' आहे म्हणून भुलू नका राव. फक्त, तिन्हीला नाही म्हटलं तरी रात्री साखळीला बांधतात का ते फोनवर कळत नाही.