‘यार’ ठेवायचा, ‘चाय’ नाही

हिंदी संवाद मराठीत आणताना हे दोन शब्द एकाच मापाने मोजू नकोस. समज, लखनौचा एक मुलगा म्हणतो, ‘यार, चाय पिएगा? बस तो छूट गई यार.’

‘चाय’ सरळ ‘चहा’ कर. मराठीत शब्द घरचाच असताना ‘चाय’ ठेवलीस, तर माणूस हिंदीची नक्कल करतोय असं वाटतं. अपवाद फलाटावरच्या विक्रेत्याच्या हाळीचा. ‘चाय गरम’ तशीच राहू दे.

‘यार’चं दुखणं वेगळं. पहिला ‘यार’ हाक आहे, दुसरा वैताग. हाकेचं काम मराठीत क्रियापदाशेजारचा ‘रे’ करतो: ‘चहा घेणार का रे?’ फक्त समोर कोण आहे ते आधी बघ, कारण ‘यार’ मुलीलाही चालतो, ‘रे’ मात्र तिथे ‘गं’ होतो. ‘मित्रा’ तर टाळच, असं चहाच्या टपरीवर कुणी बोलत नाही. वैतागासाठी ‘राव’ हाताशी येतो, पण ‘बस गेली ना राव’ म्हटलं की लखनौचा मुलगा पुण्यात येऊन उभा राहतो. इथे ‘बस गेली ना यार’ ठेव. आपली शहरी पोरं तसंच बोलतात, त्यामुळे तो उपरा वाटत नाही.

म्हणजे दोनातला एक राहिला. पुढच्या संवादांत दर वाक्याला ‘यार’ आला, तर तो काढून वाक्य मोठ्याने वाच. राग किंवा सलगी कमी झाली नाही, तर परत घालू नकोस.